अकाली पांढरे केस आणि ब्राऊन रंग : माझ्या गव्हाळ चेहऱ्याला नेमकी कोणती छटा?

केतकी_इंदिरानगर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

माझं वय ३१. बाविसाव्या वर्षी पहिला पांढरा केस दिसला आणि आता पुढचा भाग, भांगाची रेघ आणि कानशिलं बऱ्यापैकी पांढरी आहेत. मागे मात्र अजून काळेच आहेत. सहा वर्षं दर वीस-बावीस दिवसांनी मी घरीच काळा रंग लावतेय. बाबांकडून आलेलं आहे, त्यांचेही तिशीतच झाले होते.

मागच्या महिन्यात मामेबहिणीच्या साखरपुड्याचे फोटो पाहिले आणि रडू आलं. चेहरा थकलेला, डोळ्यांखाली काळं, ओठांच्या कडेला सावली. आई म्हणाली, "तो काळा रंग तुला खातोय." मग मेन रोडवरून गोल्डन ब्राऊनचा डबा आणला आणि घरीच लावला. झालं असं की मुळाशी बोटभर रुंद नारिंगी पट्टा आला, खालचे केस काळेच राहिले, आणि कानशिलावरचे पांढरे केस फिकट, पारदर्शक सोनेरी दिसायला लागले. एकाच डब्यातून तीन रंग!

मामेबहिणीचं लग्न पाच आठवड्यांवर आलंय. पार्लरमधल्या एका मुलीने सांगितलं की तुमचे डोळे पिंगट आहेत, ॲश ब्राऊन करा. दुसरीने सांगितलं की स्किन वॉर्म आहे, कॉपर करा. माझा रंग गव्हाळ आहे, उन्हात चटकन रापतो. डोळे लांबून काळेच वाटतात, पण खिडकीत उभी राहिले की बुबुळाभोवती मधासारखी कड दिसते. मी कुणाचं ऐकू?

सायलीपान
सोप्पं आहे गं. मनगटाच्या शिरा बघ. हिरव्या दिसल्या तर वॉर्म, निळ्या दिसल्या तर कूल. वॉर्म असशील तर गोल्डन आणि कॉपर, कूल असशील तर ॲश आणि बरगंडी. मी असंच ठरवलं आणि मला बरगंडी मस्त दिसते.

केतकी_इंदिरानगर
सायली, बघितल्या. डाव्या हाताच्या हिरवट आहेत आणि उजव्या हाताच्या निळसर. आता?

मनोहर_प्र
रंगांच्या भानगडीत पडूच नका ताई. खोबरेल तेलात कढीपत्ता आणि आवळा उकळून रोज रात्री लावा. माझ्या सौभाग्यवतींचे केस साठीतही काळे आहेत.

द्राक्षबाग
पिंपळगाव बसवंतवरून. मी पुरुष आहे, पण प्रश्न माझाही आहे म्हणून लिहितो. वय ३८, दाढी आणि कल्ले पांढरे. मी ब्राऊन लावतो, पण बागेत दिवसभर ऊन, महिन्याभरात दाढी विटकरी होते. मजूर विचारतात, दादा मेहंदी लावली का. काळा लावला तर चेहऱ्यावर चिकटवल्यासारखा दिसतो. मधलं काही आहे का?

रंगरेखा
केतकी, मी कॉलेज रोडला एकोणीस वर्षं केसांचंच काम केलं, आता मुलींना शिकवते. तुझ्या "एका डब्यातून तीन रंग" या वाक्यातच सगळं उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या काळ्या केसांत गडद रंगद्रव्य ठासून भरलेलं असतं. ट्यूबमधल्या रंगात कालवायचा डेव्हलपर ते थोडं उडवतो आणि ते उडताना खालून लाल-नारिंगी उघडं पडतं. ही ऊब तुझ्या स्वतःच्या केसांची आहे, ट्यूबमधली नाही. तू वरून आणखी गोल्डन घातलंस, म्हणजे नारिंगीवर सोनेरी. म्हणून पट्टा पेटला.

पांढऱ्या केसात रंगद्रव्यच नाही. उडवायला काही नाही, उघडं पडायला काही नाही. ट्यूबमध्ये जे आहे तेवढंच त्याला मिळतं. गोल्डन छटेत झाकणारा तपकिरी पाया कमी असतो, त्यामुळे तो केस रंगीत काचेसारखा दिसतो. तू ज्याला पारदर्शक म्हणतेस ते हेच.

आणि खालचे केस काळे राहिले, कारण त्यावर सहा वर्षांचा काळा रंग बसलाय. रंगाने रंग उतरत नाही. काळ्यावर कितीही ब्राऊन लाव, काळाच राहतो.

म्हणून "वॉर्मला गोल्डन, कूलला ॲश" हा हिशेब ज्याचे सगळे केस एका रंगाचे आहेत त्याला लागू पडतो. तुझ्या डोक्यावर दोन प्रकारचे केस शेजारी शेजारी उभे आहेत.

सायली, शिरांची परीक्षा गोऱ्या कातडीवर थोडीफार चालते. गव्हाळ-सावळ्या बायकांत शिरा पिवळसर-तपकिरी कातडीतून दिसतात, त्यामुळे बहुतेकींच्या हिरवटच वाटतात. केतकीचे दोन हात दोन उत्तरं देतात, यात तिचं काही चुकलेलं नाही.

सायलीपान
अच्छा, मग माझं बरगंडी योगायोगाने जमलं म्हणायचं. पण ताई, मग अंडरटोन कळणार कसा?

रंगरेखा
कापडाने. मी पार्लरमध्येही हेच करायचे.

सकाळी दहाच्या सुमाराला, मेकअप न करता, गॅलरीच्या सावलीत उभं राहायचं. थेट ऊन नको आणि घरातला दिवाही नको. केस पांढऱ्या पंचाने झाकून घ्यायचे, नाहीतर नजर केसांवरच जाते. मग हनुवटीखाली आधी शुभ्र पांढरं कापड धरायचं, नंतर सायीच्या रंगाचं. त्यानंतर राणी रंग आणि मग शेंदरी.

कापड छान दिसतंय का हे बघायचंच नाही. डोळ्यांखाली आणि ओठांच्या कडेला बघायचं. चुकीच्या कापडाने तिथली सावली गडद होते, बरोबर कापडाने ती विरते. गालांवर बघून ठरवू नका, उन्हाने रापलेला गाल फसवतो. मान बघा.

केतकी_इंदिरानगर
केलं! आई समोर बसून बघत होती. शुभ्र पांढऱ्याने मी आजारी दिसले, सायीच्या कापडाने बरी दिसले. शेंदरी धरलं तेव्हा आई लगेच म्हणाली, "हे." राणी रंगाने ओठांच्या कडा काळवंडल्या. मग मी माझी काळी ओढणी धरून बघितली तर डोळ्यांखालची वर्तुळं एकदम वर आली. सहा वर्षं मी हीच ओढणी डोक्यावर घेऊन फिरत होते म्हणायची.

रंगरेखा
छान. म्हणजे तू उबदार बाजूची आहेस, आईने अचूक पकडलं. पण म्हणून गोल्डनचा डबा पुन्हा उचलू नकोस.

संध्याछाया
मी हे आत्ता करून बघितलं. मला दोन्ही कापडांत सारखंच वाटतंय. माझा रंग गव्हाळच आहे पण त्यात एक हिरवट झाक आहे, फोटोत मी नेहमी पिवळी येते. माझं काय?

पंचवटीकर
मी वेगळं मत मांडते. ३६ वर्षांची आहे, दोन वर्षांपूर्वी रंग सोडला. पहिले आठ महिने फार अवघड गेले, शाळेत मुलांच्या आया विचारायच्या बरं नाही का म्हणून. आता पुढची चंदेरी बट मला आवडते. दर तीन आठवड्यांनी रसायन डोक्यावर ओतायचं आणि त्यासाठी रविवार घालवायचा हे मला नको झालं होतं. केतकी, तुला रंग हवाच असेल तर लाव, पण न लावणं हाही एक पर्याय आहे एवढंच.

केतकी_इंदिरानगर
पंचवटीकर, तुमच्याबद्दल आदर आहे. मला अजून रंग हवाय. स्वतःच्या लग्नाच्या फोटोंतही मी काळी ओढणी घेतल्यासारखीच दिसते, तेव्हा निदान या लग्नात तरी मी मला आवडायला हवी.

सुमतीमावशी
पोरींनो, मेहंदी लावा. सोजतची शुद्ध मेहंदी रात्रभर भिजवायची, तीन-चार तास ठेवायची. मी तीस वर्षं लावतेय, एक केस तुटलेला नाही. नारिंगी नको असेल तर मेहंदी धुतल्यावर लगेच निळीच्या पानांची पावडर, कपड्यांची नीळ नव्हे, कोमट पाण्यात कालवून तासभर लावायची. छान गडद तपकिरी येतो. माझ्या सावळ्या रंगाला तो फार खुलतो.

रंगरेखा
मावशी, तुमची पद्धत शंभर टक्के बरोबर आहे आणि शुद्ध मेहंदीला मी कधीच नाव ठेवत नाही. दोन गोष्टी मात्र केतकीने आधी समजून घ्यायला हव्यात. नुसती मेहंदी पांढऱ्या केसावर झगझगीत नारिंगी चढते आणि काळ्यावर फक्त लालसर चमक देते. म्हणजे दोन रंगांची अडचण तिथेही तशीच राहते. आणि निळीवर पुढे कधी केस हलके करायचे ठरवलं तर हिरवट झाक येऊ शकते. निळीची वाट धरली की तिच्यावरच राहावं.

बाजारात "काळी मेहंदी" म्हणून जी पाकिटं मिळतात ती वेगळी. दहा-पंधरा मिनिटांत काळं करते ती मेहंदी नसते, त्यात बहुधा पीपीडी असतं, तेच जे काळ्या हेअर डायमध्ये असतं. काही पाकिटांत धातूंचे क्षारही सापडतात. तशा केसांवर डेव्हलपर पडला तर केस गरम होतो, कधीकधी तुटतो. मेहंदी लावून आलेल्या बाईच्या चार केसांवर आम्ही आधी वाटीत प्रयोग करायचो. वाटी गरम लागली किंवा फेस आला तर त्या दिवशी रंगाला हातच लावायचा नाही.

द्राक्षबाग
काळ्या मेहंदीचा विषय निघाला म्हणून सांगतो. दोन वर्षांपूर्वी दाढीला तेच पाकीट लावलं. दुसऱ्या दिवशी हनुवटी खाजायला लागली, तिसऱ्या दिवशी पापण्या सुजून डोळे उघडेनात. निफाडला डॉक्टरांकडे जाऊन इंजेक्शन घ्यावं लागलं. आता बिनअमोनियाचं वापरतो, त्याने फक्त थोडी खाज येते.

रंगरेखा
दादा, थांबा. आजपासून ते लावू नका. अमोनिया वासाला उग्र असतो, पण ॲलर्जी बहुतेक वेळा पीपीडीची असते, आणि बिनअमोनियाच्या काळ्या-तपकिरी रंगातही पीपीडी किंवा त्याचं भावंड असतंच. एकदा शरीराने ओळख ठेवली की ती जात नाही. थोडी खाज ही पुढच्या सुजेची सूचना आहे. आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन पॅच टेस्ट करून घ्या.

स्टेथो
रंगरेखांना पूर्ण अनुमोदन. पापण्या सुजल्या होत्या, म्हणजे पुढच्या वेळी प्रकरण श्वासापर्यंत जाऊ शकतं. दाढीसाठी विषाची परीक्षा नको.

केतकी, तुमच्यासाठीही दोन ओळी. आपल्याकडे पंचविशीच्या आत पांढरे झाले तर त्याला अकाली म्हणतात, तुमचे बाविसाव्या वर्षी सुरू झाले. वडिलांकडून आलेलं असणार हे खरं, तरी बी-१२, थायरॉईड आणि फेरिटीन एकदा तपासून घ्या, विशेषतः शाकाहारी असाल तर. कमतरता भरून निघाल्यावर थोडे केस परत काळे उगवलेले मी पाहिले आहेत, पण त्या आशेवर बसू नका. मनोहरराव, तेलाने केस मऊ होतील, मुळाशी थांबलेलं रंगद्रव्य त्याने सुरू होत नाही.

मनोहर_प्र
तुमचं म्हणणं मान्य, डॉक्टर. सौभाग्यवतींच्या आईचेही केस ऐंशीपर्यंत काळे होते, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

घारी
डोळ्यांबद्दल कुणी बोलतच नाहीये. मी घाऱ्या डोळ्यांची, गोरी. सगळे सांगतात घाऱ्या डोळ्यांना काळे केस भडक दिसतात, ब्राऊन कर. मी दोनदा ब्राऊन केले आणि दोन्ही वेळा चेहरा पुसल्यासारखा झाला. काळे केस असले की डोळे चमकतात. त्यामुळे डोळ्यांवरून केस ठरवायचे हे मला पटत नाही.

रंगरेखा
घारी, तुझं निरीक्षण खरं आहे. डोळा रंगाने जुळवायचा की उठावाने खुलवायचा, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. तुला उठाव आवडतो.

मी डोळ्यांकडे दोनच गोष्टींसाठी बघते. पहिली म्हणजे बुबुळात मधाळ कड किंवा ठिपके आहेत का. केतकीला आहेत. केसांत तीच छटा अगदी थोडी आली तरी ती कड लांबूनही दिसायला लागते. पार्लरमधल्या मुलीने पिंगट डोळे बरोबर ओळखले, पण त्यावरून ॲश कुठून आलं ते मला कळलं नाही. ॲशने ती मधाळ कड उलट विझते.

दुसरी म्हणजे भुवया. डोळे आणि भुवया काळ्याभोर असताना केस फार हलके केले तर टोप घातल्यासारखं दिसतं. ट्यूबवरचा पहिला आकडा म्हणजे गडदपणा. १ म्हणजे काळा, आणि जसा आकडा वाढेल तसा हलका. आपले बहुतेकींचे केस १ ते ३ मध्ये असतात. केतकी, तू ४ च्या वर जाऊ नकोस. ५ वर गेलीस तर भुवया वेगळ्या पडतील.

केतकी_इंदिरानगर
आणि टिंबानंतरचा आकडा? दुकानदाराने ४.३, ४.५, ४.६ असं बरंच काही समोर ठेवलं.

रंगरेखा
टिंबानंतरचा आकडा म्हणजे छटा. .० म्हणजे नुसता तपकिरी पाया, .१ ॲश, .३ सोनेरी, एवढं बहुतेक ठिकाणी सारखं आहे. त्यापुढचं कंपनीगणिक बदलतं. एका कंपनीत .६ म्हणजे लाल, दुसरीत तोच जांभळट. म्हणून आकडा पाठ करून दुसऱ्या कंपनीची ट्यूब घ्यायची नाही.

आता तुझं काम. आधी डोक्यावर काही लावू नकोस. कंगव्यात अडकलेले आणि कानामागून कापलेले पांढरे केस जमव, प्रत्येक झुबक्यात वीसेक तरी. एका टोकाला दोरा बांध आणि पुठ्ठ्यावर टेपने चिकटव. तीन झुबके कर. पहिल्याला नुसता ४.०. दुसऱ्याला ४.० आणि ४.३ अर्धे-अर्धे. तिसऱ्याला ४.१, कारण ॲश म्हणजे काय होतं ते तू स्वतःच्या डोळ्यांनी बघावंस असं मला वाटतं. डेव्हलपर २० व्हॉल्यूमचा, म्हणजे बाटलीवर ६% लिहिलेला. चमच्याने मोज, अंदाजाने नको. ट्यूबवर लिहिलेला पूर्ण वेळ ठेव, धू, पूर्ण वाळव. ओला केस नेहमी एक पायरी गडद दिसतो. मग तो पुठ्ठा गालाशी धरून गॅलरीत बघ.

त्याच दिवशी ॲलर्जीची परीक्षाही लाव. पत्रकात सांगितलंय तसा रंगाचा ठिपका कानामागे, आणि ४८ तास वाट. सहा वर्षं काही झालं नाही म्हणून ती टाळायची नाही, ही ॲलर्जी वापरता वापरताच येते.

सायलीपान
मी आजवर एकदाही ही परीक्षा केलेली नाही. द्राक्षबाग दादांचं वाचून हात थरथरले. या वेळी करणार.

केतकी_इंदिरानगर
झुबके वाळले! सविस्तर सांगते.

नुसता ४.० : सपाट तपकिरी, भिजवलेल्या चिंचोक्यासारखा. वाईट नाही, पण जीव नाही त्यात. अर्धा-अर्धा : हा बघून मी अक्षरशः ओरडले. घरात साधा गडद तपकिरी, आणि गॅलरीत नेला की खारकेच्या सालीसारखी आतून ऊब. ४.१ : पांढऱ्या केसांवर पाटीसारखा राखाडी झाला, कडेला किंचित हिरवट. गालाशी धरला तर ते राणी रंगाच्या कापडाने व्हायचं तेच, ओठांच्या कडा काळ्या.

कानामागे ४८ तासांनंतर काही नाही. खाज नाही, लाली नाही.

रंगरेखा
उत्तम केलंस. ॲशमधला निळसर रंग नारिंगी मारण्यासाठी असतो. पांढऱ्या केसात मारायला नारिंगी नाहीच, म्हणून तो उघडा पडला. पण तीच ४.१ ची ट्यूब फेकू नकोस, तुझ्या त्या नारिंगी पट्ट्यावर ती कामाला येणार आहे. तिथे तिला मारायला भरपूर काही आहे.

तुझ्या डोक्याचे मी तीन भाग करीन.

कानशिलं, कपाळाची कड आणि भांगाची नवी वाढ : इथे अर्ध्याहून जास्त पांढरे आहेत. ३० ग्रॅम ४.० आणि ३० ग्रॅम ४.३, त्यात ९० मिली डेव्हलपर, तुझ्या ट्यूबवर एकास दीड लिहिलं असेल तर. कानशिलापासून सुरुवात, कारण तिथला केस जाड आणि हट्टी असतो. थर जाड हवा, कातडी दिसता कामा नये. बारीक पट्ट्या काढून लावायचं, केसांवर चोळून पसरवलंस तर पांढरे वर येतात.

नारिंगी पट्टा : ४.० तीन भाग, ४.१ एक भाग. हा शेवटच्या पंधरा मिनिटांत. दर पाच मिनिटांनी एक बट पुसून बघ. नारिंगी विझून तपकिरी झाली की धुवायचं, नाहीतर काळवंडेल.

मागचे केस : तिथे पांढरे जवळजवळ नाहीत. नव्या वाढीला नुसता ४.० दे. तिथे सोनेरी घातलंस तर तुझ्याच केसांची ऊब मिसळून पुन्हा पेटेल.

खालच्या काळ्या लांबीला हात लावू नकोस. घरी ब्लीच तर अजिबात नाही, जुना काळा रंग एकसारखा उतरत नाही, ठिपके पडतात. केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतात. लग्नाआधी तीन-चार बोटं काप, उरलेलं दर दोन महिन्यांनी.

घारी
पण मुळं ४ आणि खाली काळं, हे विचित्र नाही दिसणार?

रंगरेखा
थोडं दिसेल, खोटं कशाला सांगू. उलट, म्हणजे मुळं गडद आणि टोकं हलकी असती, तर कुणाच्या लक्षात आलं नसतं. केतकीसमोर दोन वाटा आहेत. आत्ता ३ वर थांबायचं, म्हणजे सीमा जवळजवळ दिसणार नाही, पण चेहऱ्यात फरकही कमी पडेल. किंवा ४ करायचं आणि लग्नात अंबाडा घालायचा. मी असते तर अंबाडा.

सुमतीमावशी
अंबाड्यावर अबोलीचा गजरा घाल गं. शेंदरी खुलतो तुला, आईने सांगितलंच आहे.

केतकी_इंदिरानगर
लग्न पार पडलं. अंबाडा आणि अबोलीचा गजरा, मावशी!

एकटीने मागचं जमेना म्हणून बहिणीला बसवलं, तिने पट्ट्या काढल्या. नारिंगी पट्टा दहाव्या मिनिटाला विझला, पंधरापर्यंत थांबले असते तर गडद झाला असता. कानशिलाला पूर्ण वेळ ठेवूनही डावीकडचे पाच-सहा केस अर्धवटच राहिले. पण फोटोंत डोळ्यांखालची ती सावली नाही. नवऱ्याने तर विचारलं की नवीन काजळ आहे का, डोळे वेगळे दिसतायत.

आता एकवीस दिवस झाले. मुळं दिसायला लागलीत, पण काळ्या रंगाच्या वेळी जशी पांढरी रेघ उठून दिसायची तशी दिसत नाही. एक अडचण आहे, कानशिलावरचा रंग बाकीच्यापेक्षा लवकर फिका पडतोय. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी मिसळून येतं, त्याचा संबंध असेल का?

रंगरेखा
असू शकतो, जड पाण्याने रंग मळकट होतो. शेवटचं धुणं आरओच्या पाण्याने करून एक महिना बघ. पण मला जास्त शंका त्या हट्टी केसांची आहे. पुढच्या वेळी फक्त कानशिलाच्या मिश्रणात ४.० दोन भाग आणि ४.३ एक भाग कर. पाया वाढला की धरून राहतो. थोडी ऊब कमी होईल, तेवढी चालवून घे. आणि दर वेळी पूर्ण लांबीवर रंग ओढायचा नाही, फक्त वाढीला.

द्राक्षबाग
त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. पॅच टेस्टमध्ये पीपीडी जोरदार आली. काळा-तपकिरी डाय कायमचा बंद. डॉक्टर म्हणाले शुद्ध मेहंदीही आधी हातावर लावून बघा. बायको म्हणते दाढी पांढरीच चांगली दिसते, फक्त बारीक ठेवा. सध्या तसंच चालू आहे. रंगरेखा ताई, तुम्ही त्या दिवशी थांबवलंत.

संध्याछाया
माझा प्रश्न तसाच राहिला. हिरवट झाक असलेल्या गव्हाळ रंगाला काय? मी नेटवर बघितलं तर अर्धे सांगतात ॲशने हिरवट झाक दबते, अर्धे सांगतात उलट वाढते.

रंगरेखा
तुझा प्रश्न विसरले नव्हते, उत्तर सोपं नाही म्हणून टाळत होते. अशा कातडीवर मी दोन्ही होताना पाहिलंय. एकीला ४.० मध्ये चिमूटभर महोगनी घातल्यावर चेहरा उजळला, तर तशाच दिसणाऱ्या दुसरीला त्याच मिश्रणाने पिवळेपणा वाढला. पांढरे किती आहेत आणि कुठे आहेत? डोळे कसे आहेत? सायीचं आणि शुभ्र कापड बाजूला ठेव आणि शेवाळी, मोरपंखी, विटकरी अशी तीन कापडं घेऊन सकाळी गॅलरीत फोटो काढ, मोबाईलची ब्युटी सेटिंग बंद करून. आणि पांढऱ्या केसांचा एक झुबका जमवून ठेव.

संध्याछाया
पुढे फार नाहीत, भांगात तीस-चाळीस असतील. डोळे काळेभोर. मोरपंखी साडी आईची आहे, विटकरी शोधते. रविवारी फोटो टाकते.